निष्कर्षाच्या चार ओळी



परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी लागतं. त्या गावातल्या एका विद्यार्थिनीला मी लिहिलेलं एक पत्र आज तुम्हांला वाचून दाखवणार आहे. तिचं नाव सांगत नाही, आणि नावाची गरजही नाही. कारण या पत्रातली चूक तिच्या एकटीची नव्हती. निम्मी माझीच होती. ते कसं, हे पत्रातच येईल.

प्रसंग साधा आहे. दहावीच्या वर्गाने काचेच्या चिपेचा अपवर्तनांक काढण्याचा प्रयोग केला. ज्यांना तो आठवत नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. कागदावर काचेची आयताकृती चीप ठेवायची, तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ काढायची, एका बाजूला दोन टाचण्या रोवून तिरपा किरण आखायचा, आणि दुसऱ्या बाजूने काचेतून पाहत आणखी दोन टाचण्या त्यांच्या रांगेत रोवायच्या. चीप उचलली की किरण कुठून आत शिरला आणि कुठून बाहेर पडला ते कागदावर उमटलेलं असतं. ते दोन बिंदू जोडले की काचेतली वाट मिळते. बाहेरच्या वाटेचा स्तंभिकेशी होणारा कोन म्हणजे आपाती कोन आणि काचेतल्या वाटेचा कोन म्हणजे अपवर्तन कोन. पहिल्याच्या साइनला दुसऱ्याच्या साइनने भागलं की अपवर्तनांक येतो. प्रयोग झाला, प्रयोगवह्या माझ्याकडे आल्या, आणि त्यांतली एक वही मी सही न करता परत केली. सोबत हे पत्र होतं.

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझी वही सही न करता परत पाठवली, म्हणून तुला वाईट वाटलं असेल. आकृती स्वच्छ आहे, रकाने व्यवस्थित आहेत, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी अडलो ते शेवटच्या तीन वाक्यांपाशी. तू लिहिलं आहेस: 'यावरून काचेचा अपवर्तनांक जवळपास बरोबर आला. थोडाफार फरक मानवी चुकांमुळे पडला असावा. प्रयोग यशस्वी झाला.'

आता तूच ही तीन वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून घे आणि तुझ्या मैत्रिणीच्या वहीत, तिच्या प्रयोगाखाली लिही. चालतील की नाही? चालतील. तिने चिपेऐवजी पाणी वापरलं असतं तरी चालली असती, आणि तिची सगळी निरीक्षणं चुकली असती तरीही चालली असती. जो निष्कर्ष कुणाच्याही वहीत बसतो, तो तुझ्या प्रयोगाचा नव्हे.

हे लिहिताना मला माझीही लाज वाटते. मागची कित्येक वर्षं प्रयोग संपला की मीच फळ्यावर निष्कर्ष लिहून देत आलो आणि मुलं तो उतरवून घेत आली. यंदा मी लिहून दिला नाही, तर तू तसाच एक आठवून लिहिलास. तेव्हा दोष वाटून घेऊ आणि कामाला लागू.

तुझी निरीक्षणं मी पुन्हा तपासली. तू पाच वेळा कोन बदललास. आपाती कोन २० अंश असताना अपवर्तन कोन १२ अंश आला. ३० ला १९, ४० ला २५, ५० ला ३१ आणि ६० ला ३५. त्यांवरून अपवर्तनांक आले ते अनुक्रमे १.६४, १.५४, १.५२, १.४९ आणि १.५१. पाचांची सरासरी तू १.५४ काढलीस. गणित बरोबर आहे. पण ही सरासरी तू निष्कर्षात लिहिलीच नाहीस! 'जवळपास बरोबर' असं म्हणालीस. किती आला, हे न सांगता बरोबर आला असं कसं म्हणता येईल? आणि कशाच्या जवळपास? बाजारात बसलेल्या माणसाने 'कापसाचा भाव बराच आहे' असं सांगितलं तर तुझे वडील गाडी जुंपतील का? ते आधी आकडा विचारतील.

पण आकडा लिहिला की काम संपलं, असंही नाही. तुझी पाच उत्तरं एका रांगेत ठेवून पाहा. चार उत्तरं १.४९ ते १.५४ यांच्या दरम्यान आहेत आणि एकटं १.६४ बाजूला पडलं आहे. कळपातलं एक ढोर वेगळं उभं राहिलं तर राखणारा आधी त्याच्याकडे जातो. तू मात्र त्याला सरासरीत ढकललंस आणि वर 'मानवी चुका' असं पांघरूण घातलंस. ते पांघरूण आपण आज काढू.

आधी एक गोष्ट समजून घे. आपला कोनमापक एकेका अंशाच्या खुणांचा आहे. तू कितीही डोळे ताणून पाहिलंस तरी अर्धा अंश इकडे किंवा तिकडे होणारच. त्याला मी चूक म्हणत नाही. ती साधनाची मर्यादा आहे. आता ५० अंशांचं निरीक्षण घे. तिथे ३१ च्या जागी साडेतीस अंश असते तर अपवर्तनांक १.४९ ऐवजी १.५१ आला असता. म्हणजे १.४९ आणि १.५१ यांत भांडण नाही. तेवढा फरक कोनमापकाच्या अर्ध्या अंशात सहज मावतो.

लहान कोनांवर मात्र हाच अंश फार महाग पडतो. ६० अंशांच्या निरीक्षणात अपवर्तन कोन ३५ ऐवजी ३६ वाचला तर उत्तर १.५१ वरून १.४७ वर येतं, म्हणजे चार शतांशांचा फरक. तोच एक अंश २० अंशांच्या निरीक्षणात बदलून पाहा. १२ ची साइन ०.२०८ आहे आणि १३ ची ०.२२५. ०.३४२ ला पहिल्याने भागलं तर १.६४ आणि दुसऱ्याने भागलं तर १.५२. एका अंशाने बारा शतांश हलले! दहा रुपयांतला रुपया हरवणं आणि शंभरातला रुपया हरवणं यांत जो फरक, तोच इथे आहे. म्हणून लहान कोनाच्या निरीक्षणावर मोठ्या कोनाइतकाच भरवसा ठेवून सरसकट सरासरी काढणं बरं नव्हे.

तू म्हणशील, 'मग सर, १.६४ ही सुद्धा साधनाची मर्यादाच झाली.' मीही आधी तसंच समजलो. मग हिशेब करून पाहिला. १२ ऐवजी साडेबारा धरले तरी उत्तर १.५८ च्या खाली येत नाही. बाकीची चारही उत्तरं त्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे अर्ध्या अंशाची सूट दिली तरी हे निरीक्षण रांगेत बसत नाही. इथे मर्यादेपलीकडे काहीतरी घडलं आहे, आणि काय घडलं ते शोधता येतं.

शोधायचं कुठे? तुझ्याच कागदावर. तू आणखी एक रकाना भरला आहेस, त्याच्याकडे मात्र पाहिलं नाहीस: निर्गत कोनाचा. चिपेच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, म्हणून किरण जितका तिरपा आत शिरला तितकाच तिरपा बाहेर पडला पाहिजे. निर्गत कोन आपाती कोनाइतकाच यायला हवा. ही या प्रयोगातली फुकटची तपासणी आहे. तुझ्या चार ओळींत हे दोन कोन एका अंशाच्या आत जुळतात. पहिल्या ओळीत आपाती कोन २० आहे आणि निर्गत कोन २२. म्हणजे काच बरोबर आहे, आत जाणारा किरण बरोबर आहे. बाहेरच्या दोन टाचण्यांची रांग चुकली आहे.

मग मी पट्टी घेऊन त्या टाचण्यांची भोकं मोजली. पहिली टाचणी चिपेपासून अडीच सेंटिमीटरवर आणि दुसरी तिच्यापासून अवघ्या ३ सेंटिमीटरवर. बाकीच्या कागदांवर तू त्यांच्यात ७-८ सेंटिमीटर अंतर ठेवलं आहेस. इथे कागदाची कड जवळ आली म्हणून टाचण्या दाटीने रोवल्यास, असं दिसतं.

शेतात सरळ धुरा आखायचा असेल तर दोन खुंट्या हातभर अंतरावर रोवून कुणी दोरी ताणत नाही. खुंटी बोटभर सरकली तरी पलीकडच्या टोकाला धुरा शेजाऱ्याच्या रानात जातो. खुंट्या जितक्या लांब, तितकी रेघ खरी. टाचण्यांचंही तसंच आहे. ३ सेंटिमीटरच्या अंतरात टाचणी एक मिलिमीटर सरकली की रेघ जवळजवळ दोन अंश फिरते. तुझी फिरली तेवढीच. ही फिरलेली रेघ तू मागे चिपेपर्यंत वाढवलीस, तेव्हा किरण बाहेर पडण्याचा बिंदू एक मिलिमीटर अलीकडे, स्तंभिकेच्या बाजूला सरकला. आपली चीप ५ सेंटिमीटर रुंद आहे. तेवढ्या रुंदीत एक मिलिमीटर म्हणजे अपवर्तन कोनातला सुमारे एक अंश. तेरा अंश आणि वर थोडं असायला हवं होतं, तिथे बारा आले. १.६४ कुठून आलं ते सापडलं.

आणि टाचणी एक मिलिमीटर सरकते कशी? मी तुला रोवताना पाहिलं नाही, पण मुलं बहुतेक वेळा टाचण्यांची डोकी रांगेत आणतात. टाचणी किंचित कलली असेल तर डोकी रांगेत येतात आणि पाय रांगेबाहेर राहतात. आपण कागदावर जोडतो ती पायांची भोकं. म्हणून डोळा कागदाच्या पातळीवर आणून टाचण्यांचे पाय एका रांगेत आणायचे.

आता 'मानवी चुका' या शब्दांकडे परत येऊ. चूक सांगायची तर ती उत्तराला कोणत्या बाजूला ढकलते तेही सांगावं लागतं. एक उदाहरण देतो. काही मुलांनी चिपेभोवतीची रेघ जाड पेन्सिलीने, चिपेच्या कडेपासून सुटी अशी काढली होती. अशा वेळी काचेतली वाट म्हणून जी रेघ आपण काढतो, तिच्यात दोन्ही टोकांना हवेतली थोडी वाट मिसळते. हवेतली वाट अधिक तिरपी असते. म्हणून अपवर्तन कोन मोठा मोजला जातो आणि अपवर्तनांक लहान येतो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर रेघ बाहेर गेली तर ६० अंशांच्या निरीक्षणात १.५० च्या जागी सुमारे १.४७ येईल. तुझं चुकलेलं उत्तर मात्र मोठं आलं आहे. म्हणून जाड रेघ हे तुझ्या चुकीचं कारण असूच शकत नाही. बघ, दिशा विचारली की एक आरोपी लगेच सुटला.

आता एक नाजूक गोष्ट. हे सगळं वाचून १२ खोडून १३ लिहिण्याचा मोह तुला होईल. तो मोह फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणाचे कोन दहादहा अंशांच्या अंतराने नोंदवले. त्याच्या तक्त्यात १० अंशांना ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, ४० ला २९, असे आकडे आहेत. ८ नंतर साडेसातची वाढ, मग सातची, मग साडेसहाची. शेवटपर्यंत दर पायरीला वाढ बरोबर अर्ध्या अंशाने कमी होत जाते. खरी निरीक्षणं इतकी शहाण्यासारखी रांगेत उभी राहत नाहीत. त्याने मापं घेतली असतील, पण आपल्या मनातल्या नियमात बसावीत म्हणून ती सारखी केली असावीत, असं आज अभ्यासक म्हणतात. शेवटी ८० अंशांना त्याने ५० लिहिले. तिथे साडेसत्तेचाळीसच्या आसपास यायला हवेत. साइनचा नियम युरोपात १६२१ च्या सुमारास स्नेलच्या हाती लागला. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, बगदादच्या इब्न सहलला तो ठाऊक होता. टॉलेमीपाशी मापं होती. पण सारखे केलेले आकडे तोच नियम दाखवतात, जो सारखा करणाऱ्याच्या मनात आधीच असतो.

तेव्हा १२ खोडू नकोस. तो तसाच राहू दे. त्याच्यापुढे कारण लिही. मग २० अंशांचं निरीक्षण नव्या कागदावर पुन्हा घे. कागद असा ठेव की बाहेरच्या टाचण्यांमध्ये ८ सेंटिमीटर अंतर राहील. रेघ काढली की आधी निर्गत कोन मोज. तो २० च्या एका अंशात नसेल तर टाचण्या पुन्हा लाव. हे मात्र अपवर्तनांक काढण्याआधी कर. हवं ते उत्तर येईपर्यंत टाचण्या हलवत राहिलीस तर तू काच मोजत नाहीस, पुस्तक उतरवतेस.

शेवटी, निष्कर्षात काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे ठरव. खिडकीची वगैरे साधी काच सुमारे १.५२ ची असते, आणि शिशाची जड काच १.६ च्या वर जाते. तुझी उत्तरं १.४९ ते १.५४ मध्ये पडत असतील, तर आपली चीप जड काचेची नाही असं तू ठामपणे लिहू शकतेस. पण ती १.५१ ची की १.५२ ची, हे टाचण्या आणि कोनमापक सांगू शकत नाहीत. तेही लिही. उसाच्या फडात रसाचा ब्रिक्स पाहतात तो याच अपवर्तनांकावरून. पाण्यात साखर शेकडा १५ असली तर अपवर्तनांक १.३५६ आणि शेकडा २० असली तर १.३६४. तिथे तोडणी आज की पंधरवड्यानंतर, हे दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरावर ठरतं, आणि आपली टाचण्यांची पद्धत दुसऱ्याच घरात डगमगते. आपलं साधन कुठे थांबतं हे सांगणं कमीपणाचं नाही. ते सांगितलं नाही तर वाचणारा त्याच्यावर नको तेवढा भार टाकतो.

पुढचा निष्कर्ष मी फळ्यावर लिहून देणार नाही. तो तुझा तू लिही. सोमवारी वही घेऊन ये.

तुझे सर

श्रोतेहो, पत्र इथे संपलं. सोमवारी वही आली. नव्या निरीक्षणात २० अंशांना निर्गत कोन २० आणि अपवर्तन कोन १३ आला होता. जुना १२ खोडलेला नव्हता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'बाहेरच्या टाचण्या जवळ रोवल्या गेल्या, निर्गत कोन जुळत नाही, म्हणून हिशेबात धरला नाही.' आणि खाली निष्कर्षाच्या चार ओळी होत्या. त्या जशाच्या तशा वाचतो:

'चिपेचा अपवर्तनांक सरासरी १.५२ आला. पाच उत्तरे १.४९ ते १.५४ यांच्या दरम्यान आहेत. एवढा फरक कोनमापकाच्या अर्ध्या अंशाने पडू शकतो. ही साधी काच असावी, जड काच नाही. १.५१ की १.५२ हे या साधनाने सांगता येत नाही.'

मी सही केली. पण तिने एक प्रश्न विचारला, त्याने मला थोडा वेळ गप्प केलं. ती म्हणाली, 'सर, निर्गत कोन जुळला नाही म्हणून पहिलं निरीक्षण काढलं, हे ठीक. पण १.६४ ऐवजी १.५२ आलं असतं, तर आपण निर्गत कोन पाहिला असता का?'

शिक्षक बंधुभगिनींनो, खरं उत्तर 'नाही' असं होतं, आणि मी तिला तेच सांगितलं. जे उत्तर आपल्याला हवं तसं येतं, त्याची तपासणी आपण करत नाही. म्हणून तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम केला आहे. निर्गत कोनाचा रकाना आधी भरायचा, प्रत्येक ओळीचा, आणि तो जुळल्यावरच साइनची सारणी उघडायची. उत्तर अजून कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हाच निरीक्षण ठेवायचं की टाकायचं हे ठरतं.

नमस्कार.